टाइल बसवण्याआधी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि पाणी भरून चाचणी : कोकणातल्या एका घराचं उदाहरण

माझ्या मावसभावाचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आहे. खाली जुनं चिऱ्याचं घर आणि त्यावर नवा स्लॅब टाकून दोन खोल्या नि एक बाथरूम, असं काम गेल्या उन्हाळ्यात निघालं. बांधकामाच्या देखरेखीचं काम मी बरीच वर्षं करतो, त्यामुळे बाथरूमची जबाबदारी माझ्याकडे आली. त्याच कामाच्या आधाराने इथे क्रमाने लिहितो आहे. तुमच्या बाथरूमची मापं वेगळी असतील, पण क्रम हाच ठेवा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. टाइल पाणी अडवत नाही. टाइल चकचकीत असली तरी सांध्यातून पाणी खाली झिरपतंच, आणि टाइलखालच्या मालात ते कायम थोडंफार असतं. पाणी अडवणारा थर टाइलच्या खाली असतो, आणि टाइल बसली की तो पुन्हा कधी दिसत नाही. म्हणून तो उघडा असतानाच त्यावर पाणी उभं करून बघायचं.

चिऱ्याच्या घरात हे आणखी महत्त्वाचं आहे. चिरा म्हणजे जांभा दगड, आणि तो स्पंजासारखा सच्छिद्र असतो. विटेच्या भिंतीत गळतीचा डाग साधारण गळतीच्या जवळपास दिसतो. चिऱ्यात पाणी आत शिरलं की दगडातल्या दगडात सरकतं आणि तीन-चार फूट लांब, कधी खालच्या खोलीच्या कोपऱ्यात, ओल म्हणून बाहेर येतं. मग माणूस ओल दिसते तिथे प्लास्टर फोडत बसतो आणि भोक राहतं भलतीकडे.

कामाची वेळ

हे काम मार्च ते मेच्या मध्यापर्यंत उरकावं. मृग लागण्याच्या आधी तर नक्कीच. अनेक घरांत गणपतीला मुंबईची मंडळी येणार म्हणून श्रावणात बाथरूमची घाई होते, आणि तिथे दोन अडचणी येतात. पहिली, हवेत इतका दमटपणा असतो की कोटिंग वाळतच नाही. वरून कोरडं वाटतं, आत कच्चं राहतं. दुसरी अडचण चाचणीची. पावसाचा मारा बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीवर बसत असताना खालच्या खोलीत ओल दिसली, तर ती पावसाची की बाथरूमची हे कसं ठरवणार? कोरड्या दिवसांत भिंत कोरडी असते, त्यामुळे नवीन ओल दिसली तर ती तुमच्याच पाण्याची, यात शंका राहत नाही.

पावसाळ्यात करावंच लागलं तर पाकिटावर लिहिलेला वाळण्याचा काळ दुप्पट धरा, आणि निकाल छतावरच्या ओलीवरून ठरवू नका, पाण्याच्या पातळीवरून ठरवा. ते कसं करायचं ते पुढे येईल.

आमचं बाथरूम आणि थरांचा क्रम

बाथरूम ७ बाय ५ फूट. स्लॅब टाकतानाच तिथला भाग ८ इंच खाली घेतलेला, म्हणजे संक केलेला. या संकमध्ये कमोडचा ४ इंची पाइप आणि नहाणी ट्रॅपचा ३ इंची पाइप बसतो. दोन्ही बाहेरच्या भिंतीतून आरपार निघतात.

खालून वर थर असे घेतले : स्लॅब आणि संकच्या बाजू, त्यावर पहिलं कोटिंग, पहिली पाण्याची चाचणी, संरक्षणाचा मालाचा थर, विटांच्या तुकड्यांचा कोबा ढाळासह, त्यावर दुसरं कोटिंग जे भिंतीवरही चढतं, दुसरी चाचणी, आणि मग टाइल. पुष्कळ ठिकाणी यातलं एकच कोटिंग करतात. फक्त खालचं केलं तर सगळा कोबा वर्षानुवर्षं पाणी पिऊन बसतो आणि बाथरूमला कुबट वास येतो. फक्त वरचं केलं तर पुढे ट्रॅपच्या सांध्यातून पाइपचंच पाणी गळलं की ते थेट स्लॅबवर येतं. संक असेल तर दोन्ही करा.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने करून घेतो. संकच्या तळाशी, सर्वांत खालच्या जागी, एक इंची पीव्हीसीचा छोटा पाइप भिंतीतून बाहेर काढायचा. त्याला मी साधं संकचं तोंड म्हणतो. आत कधी पाणी साचलंच तर ते या तोंडातून बाहेर ठिबकतं. खोलीच्या छतावर डाग पडण्याआधी तुम्हाला बाहेरच्या भिंतीवर थेंब दिसतो. आतल्या बाजूला त्यावर जाळीचा तुकडा आणि मूठभर खडी ठेवायची, नाहीतर कोब्याचा माल शिरून ते बुजतं.

सामान

कोटिंगसाठी दोन भागांचं सिमेंट-पॉलिमरचं मिश्रण घेतलं : एक पिशवी पावडर, एक डबा पांढरं द्रव. दोन्ही पाकिटावरच्या प्रमाणात मिसळून ब्रशने लावायचं. आमचा हिशोब असा होता. खालच्या कोटिंगला जमीन ३५ चौरस फूट आणि संकच्या चार बाजू १६ चौरस फूट, म्हणजे ५१. वरच्या कोटिंगला जमीन ३५, भिंतीवर फूटभर उंची दार सोडून साधारण २१, आणि शॉवरच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी तीन-तीन फूट रुंदीत सहा फूट उंचीपर्यंत न्यायचं म्हणून आणखी ३०, म्हणजे ८६. एकूण १३७ चौरस फूट, जवळजवळ पावणेतेरा चौरस मीटर. आमच्या पाकिटावर दोन हातांना मिळून चौरस मीटरला दीड किलो लिहिलं होतं, म्हणजे १९ किलो. कोपरे, पाइपांभोवतीचं जादा काम आणि सांडलवंड धरून २४ किलो आणलं. उरलं तर बिघडत नाही. कमी पडलं की माणूस द्रवात पाणी ओतून वाढवतो, आणि तिथेच थर फुकट जातो.

याशिवाय आकुंचन न पावणारा ग्राउट, कोपऱ्यांसाठी चार इंच रुंद फायबरची जाळी, चार इंची ब्रश आणि पाइपांची रबरी बुचं.

वाळू आणि पाणी यांबद्दल किनाऱ्यावर वेगळं सांगावं लागतं. खाडीची वाळू वापरू नका. तिच्यातलं मीठ ओलाव्याबरोबर वर येऊन टाइलच्या सांध्यात पांढरं फुटतं आणि स्लॅबच्या सळीला गंज धरवतं. क्रश सँड किंवा गोड्या नदीची वाळू घ्या. पाणीही गोडंच. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याजवळच्या काही विहिरी मचूळ होतात, तेव्हा जे पाणी घरात पितात तेच मालात घालायचं. चाचणीसाठी भरायचं पाणीसुद्धा गोडं घ्या. गळती निघालीच तर ते पाणी सळीपर्यंत जाणार आहे.

पृष्ठभाग आणि पाइप

या टप्प्याला आम्हाला दोन दिवस लागले, आणि पूर्ण कामातला सर्वांत मोलाचा वेळ तोच होता. कोटिंग लावायला दुपार पुरते. त्याच्याखालची तयारी कच्ची असेल तर वरचं कितीही महागडं असो, उपयोग नाही.

संकमधला सगळा वाळलेला माल, लाकडाच्या ढलप्या, खिळे काढले. छिन्नीने ठोकत सगळीकडे फिरलो. जिथे पोकळ आवाज आला किंवा खडी उघडी दिसली, तिथे पक्कं काँक्रीट लागेपर्यंत फोडून सिमेंट-पॉलिमरच्या मालाने भरलं. मग तारेच्या ब्रशने घासून धुतलं.

संकच्या बाजू काही ठिकाणी चिऱ्याच्या होत्या. चिऱ्यावर थेट कोटिंग लावू नका. त्याची छिद्रं इतकी मोठी असतात की थर भोकांवर तुटतो आणि सुईच्या टोकाएवढ्या जागा उघड्या राहतात. आधी १ भाग सिमेंट आणि ४ भाग वाळूचं प्लास्टर, त्यात वॉटरप्रूफिंगची पावडर, आणि त्यावर निदान सात दिवस पाणी मारणं. हे प्लास्टर गुळगुळीत घोटायचं नाही, कोटिंगला धरायला किंचित खरखर हवी.

आता पाइप. बाथरूमच्या गळत्या जमिनीच्या मध्यावर क्वचित निघतात. पाइप जिथे काँक्रीट किंवा भिंत ओलांडतो, तिथे निघतात. कारण साधं आहे. पीव्हीसी गुळगुळीत असतं, सिमेंट त्याला चिकटत नाही, आणि वाळताना माल आकसून बारीक चीर सोडतो. म्हणून पाइपाचा भिंतीतला भाग पॉलिश पेपरने घासायचा, त्यावर पाइप जोडायचं सोल्यूशन लावून ओलं असतानाच कोरडी वाळू भुरभुरायची. वाळल्यावर पाइपला खरखरीत कवच तयार होतं आणि ग्राउट त्याला धरतो. भोकात पाइपाभोवती सगळीकडून निदान पाऊण इंच मोकळी जागा ठेवायची आणि ती आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने दाबून भरायची. चिऱ्याच्या कपच्या कोंबून वरून माल फासणं ही सवय गवंडीकामात फार पसरलेली आहे, आणि आमच्याही कामात ती एका जागी नकळत झाली होती. चाचणीत ते उघड झालं.

शेवटी गोळा. जमीन आणि भिंत मिळते त्या काटकोनात कोटिंग ताणून फाटतं. म्हणून तिथे मालाचा दोन इंची गोलसर उतार करून घ्यायचा. पाइपांभोवतीही तसाच लहान गोळा. तळाला किंचित ढाळ संकच्या तोंडाकडे दिला.

पहिलं कोटिंग

लावण्याआधी पृष्ठभाग पाण्याने भिजवा आणि साचलेलं पाणी कापडाने टिपून घ्या. हात लावला तर गार, ओलसर लागलं पाहिजे, पण बोटाला पाणी येता कामा नये. कोरड्या जमिनीवर लावलं तर ती द्रव शोषून घेते आणि पावडर भुकटीसारखी वर राहते.

प्रथम कोपरे, गोळे आणि पाइपांचे गळे. ब्रशने एक हात, त्यात जाळी दाबून बसवायची, वर लगेच दुसरा हात. जाळी दिसेनाशी झाली पाहिजे. मग सगळ्या जमिनीवर आणि बाजूंवर पहिला हात एका दिशेने. चार ते सहा तासांनी, अंगठा दाबून ठसा उमटत नाही असं झालं की दुसरा हात आडव्या दिशेने. दिशा बदलल्याने पहिल्या हाताच्या रेघांमधल्या खाचा दुसऱ्याने भरतात. एका वेळी अर्ध्या तासात संपेल इतकंच मिसळा. उन्हाळ्यात बादलीतलं मिश्रण लवकर घट्ट होतं आणि मग त्यात पाणी घालायचा मोह होतो.

यानंतर पाच दिवस वाट पाहिली. थर पिकला की नाही याची एक खूण सांगतो : चाचणीचं पाणी भरल्यावर ते दुधट झालं, तर पॉलिमर पूर्ण वाळलं नव्हतं आणि पाण्यात विरघळतं आहे. लगेच पाणी काढा, नीट वाळू द्या, नरम झालेला भाग खरवडून पुन्हा लावा.

पहिली चाचणी

पाणी भरण्याआधी बाहेरून पाइपांना रबरी बुचं बसवा. संकच्या तोंडालाही बाहेरच्या टोकाला टोपण लावा, म्हणजे भिंतीतला त्याचा सांधाही तपासला जाईल. खालच्या खोलीत छताचे आणि बाहेरच्या भिंतीचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नंतर "हा डाग आधीपासून होता" यावर वाद होत नाही.

पाणी किती? भिंतीतून जाणारे पाइप पूर्ण बुडतील इतकं. आमच्याकडे ते ५ इंच झालं, म्हणजे सुमारे ४०० लिटर. एवढं वजन स्लॅब पेलेल का, असं मावसभावाने विचारलं. संकमध्ये पुढे जो ८ इंच कोबा येणार, त्याचं वजन याच्या दुपटीहून जास्त असतं, आणि स्लॅब तो धरूनच बांधलेला असतो. पण स्लॅब टाकून २८ दिवस झाले नसतील तर थांबा. जुन्या घरात, ज्या स्लॅबची सळी गंजून फुगली आहे किंवा जिथे संक नाहीच, तिथे एक-दोन इंचांपेक्षा जास्त भरू नका.

आता पातळी मोजण्याची गोष्ट. नुसती पेन्सिलची रेघ मारून दुसऱ्या दिवशी "थोडं उतरलंय, ऊन आहे, उडालं असेल" असं म्हणत बहुतेक चाचण्या पास केल्या जातात. किती उडालं आणि किती गळलं हे वेगळं करता येतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. १५ किलोच्या तेलाचा पत्र्याचा रिकामा डबा घ्या, वरून कापून संकच्या उंचीचा करा. त्याच्या बाजू सरळ असतात म्हणून तोच घ्यायचा, घमेलं किंवा परात नको. कापलेली कडा आत दुमडा आणि बुडाला जुनी पायपुसणी ठेवा, म्हणजे कोटिंगला ओरखडा बसणार नाही. तो डबा बाथरूमच्या पाण्यातच उभा करा आणि त्यातही बाहेरच्याइतक्याच पातळीपर्यंत पाणी भरा. ऊन, वारा, दमटपणा दोघांना सारखाच. डब्यातलं पाणी फक्त उडून कमी होऊ शकतं. बाहेरचं पाणी उडून आणि गळून. दोन्हीतला फरक म्हणजे गळती.

भरल्यावर लगेच खूण करू नका. प्लास्टरचा वरचा भाग पाणी ओढतो. संध्याकाळी भरा, सकाळी पातळी पुन्हा सारखी करा, आणि तेव्हा भिंतीवर आणि डब्यात चिकटपट्टी लावून बारीक रेघ मारा. खिडकी आणि दार बंद ठेवा. ४८ तास थांबा.

आमचं असं झालं. सकाळी नऊला रेघ मारली. दुसऱ्या दिवशी नऊला डब्यातलं पाणी २ मिलिमीटर उतरलं होतं, बाथरूममधलं ६. गवंडी म्हणाले, "दादा, छत बघा, एक ठिपका नाय. समुद्राचा वारा आहे, उडालं." छत खरोखरच कोरडं होतं. पण फरक ४ मिलिमीटरचा होता, आणि जमीन सव्वातीन चौरस मीटर. गुणाकार केला तर १३ लिटर. एक कळशीभर पाणी एका दिवसात कुठेतरी गेलं होतं.

शोध याच क्रमाने घ्यावा. पहिल्यांदा बुचं : पाइपाच्या बाहेरच्या टोकाला हात लावून बघितलं, बुच कोरडं. मग संकचं तोंड, तेही कोरडं. मग छत, विशेषतः पाइपांच्या रेषेखाली, कोरडं. शेवटी बाहेरची भिंत. तिथे ४ इंची पाइपाच्या खाली हातभर अंतरावर चिऱ्याचा रंग गडद झाला होता. कोरड्या चिऱ्याचा फिकट तांबूस आणि ओल्याचा काळपट तांबडा, हा फरक उन्हात स्पष्ट कळतो. हात ठेवला तर गार लागला. पाणी स्लॅबमधून खाली जात नव्हतं, पाइपाच्या कडेने भिंतीत शिरत होतं. म्हणूनच छत कोरडं होतं.

इथे एक युक्ती उपयोगी पडते. गळती सापडत नसेल तर पाणी काढू नका, उतरू द्या, आणि दर बारा तासांनी रेघ मारा. उतरत उतरत ज्या उंचीला पाणी डब्याच्या गतीवर येऊन थांबतं, त्या उंचीच्या किंचित वर भोक आहे. तळाला टेकेपर्यंत उतरलं तर दोष तळात किंवा गोळ्यात.

पाणी काढलं, पाइपाभोवती छिन्नीने दीड इंच खोल फोडलं. आत चिऱ्याच्या कपच्या निघाल्या, त्यांच्यामध्ये बोट जाईल अशी पोकळी. सगळं साफ केलं, दोन दिवस वाळू दिलं, पाइप घासून वाळू चिकटवली, ग्राउट भरला, गोळा केला, जाळी आणि दोन हात. पुन्हा पाच दिवस. पुन्हा पाणी. या वेळी ४८ तासांत डबा ३ मिलिमीटर उतरला आणि बाथरूमही ३. फोडण्यापासून निकालापर्यंत दहा दिवस गेले, ग्राउटला काहीशे रुपये लागले. टाइल बसल्यावर हेच शोधायला निम्मं बाथरूम फोडावं लागलं असतं.

कोबा आणि दुसरं कोटिंग

चाचणी पास झाल्यावर कोटिंगवर त्याच दिवशी अर्धा ते पाऊण इंच मालाचा थर टाकून घ्या. कारागिरांचे बूट आणि विटांच्या धारदार कडा कोटिंगला सहज भोक पाडतात, आणि ते भोक कोणाच्या लक्षातही येत नाही.

भरावासाठी भाजक्या विटांचे तुकडे, आदल्या रात्री पाण्यात भिजवून. जागेवर पडलेल्या चिऱ्याच्या कपच्या फुकट मिळतात म्हणून भरण्याचा आग्रह होतो. नको. ते जड असतात आणि पाणी धरून ठेवतात. तुकडे उभे रचून त्यांच्यातल्या फटी पातळ मालाने पूर्ण भरायच्या, वर ढाळ. ढाळ नहाणी ट्रॅपकडे, सात फुटाला एक इंच. ट्रॅपचं तोंड आजूबाजूच्या कोब्यापेक्षा किंचित खाली हवं, वर राहिलं तर टाइलखालचं पाणी कायम ट्रॅपभोवती साचतं. कोब्यावर सात दिवस पाणी ठेवा.

दाराचा उंबरा याच वेळी करायचा. टाइलखालच्या मालातून पाणी आडवं सरकतं आणि बेडरूमच्या टाइलखाली शिरतं. दारात दोन इंच उंच काँक्रीटचा बांध घालून वरचं कोटिंग त्याच्या माथ्यापर्यंत चढवा, ग्रॅनाइटची पट्टी नंतर त्यावर बसेल.

दुसरं कोटिंग पहिल्यासारखंच. फक्त ट्रॅपच्या गळ्याकडे जास्त लक्ष. जाळीचा तुकडा ट्रॅपच्या कडेवरून आत वळवून कोटिंग तोंडाच्या आत अर्धा इंच न्या. भिंतीवर फूटभर, शॉवरच्या कोपऱ्यात सहा फूट.

दुसरी चाचणी वेगळी वाचावी लागते

या वेळी बुच ट्रॅपच्या तोंडावर लावायचं नाही, आत गळ्यात खाली बसवायचं. तोंडावर कापडाचा बोळा आणि माल थापला, तर कोटिंग आणि ट्रॅप जिथे मिळतात तोच सांधा झाकला जातो, आणि ज्याची परीक्षा घ्यायची तोच परीक्षेतून सुटतो.

पाणी दाराकडच्या उंच भागावर एक इंच राहील इतकं, म्हणजे ट्रॅपजवळ दोन इंच. डबा पुन्हा ठेवा. ७२ तास.

आणि हे नीट लक्षात घ्या : या चाचणीत खालचं छत बघून काहीच कळणार नाही. वरच्या थरातून पाणी गळलं तरी ते कोब्यात शिरेल, खालचं कोटिंग त्याला धरून ठेवेल, आणि छत कोरडंच राहील. खालचं कोटिंग जितकं चांगलं, तितकी ही फसवणूक पक्की. म्हणून इथे दोनच साक्षीदार : डब्याशी तुलना केलेली पातळी, आणि संकचं तोंड. पाणी भरण्याआधी त्याचं बाहेरचं टोपण काढून खाली एक भांडं ठेवा. कोब्यावर मारलेलं जुनं पाणी सुरुवातीला काही दिवस ठिबकू शकतं, म्हणून चाचणी सुरू करण्याआधी ते थांबलं आहे याची खात्री करा. आमच्याकडे ७२ तासांत डबा ५, बाथरूम ५, भांडं कोरडं.

टाइल लावणाऱ्याला काय सांगायचं

पाणी काढून जमीन वाळल्यावर लगेच टाइल घ्या. मधल्या दिवसांत बाथरूममध्ये शिडी, लोखंड, फरशी कापायचं मशिन ठेवू देऊ नका. नळाचे पाइप भिंतीत आधीच घालून झालेले असले पाहिजेत. कोटिंगनंतर कोणी भिंतीत खाच मारली तर ती जागा जाळीसह पुन्हा करावी लागते आणि, खाच जमिनीजवळ असेल तर, चाचणीही पुन्हा.

टाइलसाठी पाकिटातलं अॅधेसिव्ह खाचांच्या थापीने लावलं तर थर पातळ राहतो आणि पाणी साचायला जागा कमी उरते. सांध्यांना, निदान जमिनीवर, इपॉक्सी ग्राउट घ्या. खाऱ्या हवेत आणि सततच्या ओलीत साध्या सिमेंटच्या सांध्यांपेक्षा तो जास्त टिकतो.

राहिला कमोड. तो बसवणारा माणूस सगळ्यात शेवटी येतो आणि त्याला खाली काय आहे हे माहीत नसतं. ड्रिलने दोन-तीन इंच खोल भोकं पाडून तो बोल्ट ठोकतो, ती भोकं वरच्या कोटिंगच्या आरपार जातात. बोल्ट लागणारच असतील तर भोकातली भुकटी फुंकून काढून आधी सिलिकॉन किंवा इपॉक्सीने भोक काठोकाठ भरायला सांगा, बोल्ट त्यात दाबायचा, आणि बाहेर आलेलं सिलिकॉन तसंच कमोडच्या बुडाखाली राहू द्यायचं. मी त्या दिवशी गुहागरला जाऊन शेजारी उभा राहिलो होतो. शक्य असेल तर तुम्हीही उभे राहा.